घोरणं, पेंग आणि सकाळचं जड डोकं : स्लीप स्टडी कोणी करावी, किती पैसे लागतात

घोरण्याची तक्रार घेऊन स्वतः घोरणारा सहसा येत नाही. तो झोपलेला असतो, जागं राहतं ते घरातलं दुसरं माणूस. घोरणाऱ्याची तक्रार वेगळीच असते : सकाळी उठल्यावर डोकं जड असतं आणि दुपारी दुकानात बसल्या बसल्या डोळे मिटतात. मग तो आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतो, नंतर सायनसचा एक्स-रे काढतो, कोणीतरी सांगतं म्हणून डोक्याचा स्कॅनही करतो. यात आठ-दहा हजार सहज जातात आणि रात्री घशात काय घडतं ते कोणी पाहिलेलंच नसतं. जामबाग, कोठी, सुलतान बाजार या पट्ट्यातल्या वाचकाने हा खर्च कोणत्या क्रमाने करावा, हे सांगण्यासाठी हा मजकूर आहे. यातले दर हैदराबादेतल्या खासगी ठिकाणी साधारणपणे सांगितले जाणारे आहेत. केंद्र आणि यंत्र यांनुसार ते खाली-वर होतात, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी दर घ्यावा.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा मुळात अरुंद असतो, काहींच्या मानेभोवती चरबी असते, काहींचा खालचा जबडा थोडा मागे असतो. अशा माणसाचा श्वासमार्ग झोपेत अर्धवट किंवा पूर्ण मिटतो. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि मोठा आवाज करून श्वास सुरू होतो. हवा किमान दहा सेकंद थांबली तर तो एक प्रसंग धरतात. रात्रभर असे प्रसंग होत राहिले की आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालेली नसते. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. सकाळच्या डोकेदुखीमागे ऑक्सिजनची घसरण, साठलेला कार्बन डायऑक्साइड आणि तुटलेली झोप या तिन्हींचा हात असावा असं मानलं जातं.

या डोकेदुखीची ठेवण ओळखण्यासारखी असते. ती जाग येताच असते, बहुधा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असते, मळमळ किंवा उजेडाचा त्रास नसतो आणि साधारण चार तासांच्या आत आपोआप उतरते. दुपारी सुरू होणारी, एकाच बाजूला ठणकणारी किंवा उलटीसोबतची डोकेदुखी असेल तर कारण दुसरीकडे शोधावं. आयुष्यात प्रथमच पन्नाशीनंतर सुरू झालेली, एकाएकी फार जोराने आलेली, किंवा हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं यांसोबत आलेली डोकेदुखी असेल तर स्लीप स्टडीची तारीख घेत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. आणखी एक सवय तपासावी. महिन्यात पंधरा दिवसांहून जास्त साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्याच रोजच्या डोकेदुखीचं कारण होऊ शकतात.

आधी बिनखर्चाची तपासणी

पहिले दोन आठवडे पैसे खर्च करायचे नाहीत. बाजारातल्या माणसाची झोप मुळातच अपुरी असते. रात्री दहाला शटर ओढायचं, अकराला जेवायचं, साडेबाराला आडवं व्हायचं आणि पहाटे साडेपाचला उठायचं, अशा दिनक्रमात दुपारची पेंग येणारच. म्हणून आधी पंधरा दिवस रोज सात तास झोप मिळेल अशी वेळ बांधावी आणि दारू किंवा झोपेची गोळी घेत असाल तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं, कारण दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नये. पुरेशी झोप मिळूनही पेंग आणि सकाळचं डोकं तसंच राहिलं, तर पुढे जायचं.

याच काळात घरच्यांनी एक काम करावं. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, उताणे झोपलेले असताना, पाच मिनिटांचा व्हिडिओ काढावा. त्यात चेहरा आणि छाती दोन्ही दिसली पाहिजेत, कारण आवाज थांबलेला असताना छाती-पोट हलत असेल तर ती श्वासाची धडपड असते. नुसत्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमधून डॉक्टरांना हे कळत नाही. सोबत शिंप्याच्या टेपने गळ्याच्या घाटीपाशी मान मोजावी आणि बीपी बघून घ्यावं.

मग आठ प्रश्नांची साधी पट्टी वापरता येते. भूल देण्यापूर्वी रुग्ण पारखण्यासाठी ती तयार झाली आणि जगभर वापरली जाते. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा किंवा झोप असते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, बीपी आहे किंवा त्याची गोळी चालू आहे का, बीएमआय ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, मान ४० सेंटिमीटरहून जाड आहे का, आणि तुम्ही पुरुष आहात का. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. दोनपर्यंत जोखीम कमी, तीन-चार मध्यम, पाच किंवा जास्त म्हणजे मोठी. आपल्याकडे ही पट्टी जरा सावधपणे वापरावी. भारतीय शरीराला बीएमआय ३५ होण्याच्या बरंच आधी हा आजार गाठतो, त्यामुळे वजनाच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून सुटलो असं समजू नये.

बायकांच्या बाबतीत ही पट्टी आणखी कमी पडते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत हा आजार वाढतो, पण त्या ‘घोरते’ असं क्वचित सांगतात. थकवा, झोप न लागणं, सकाळचं डोकं, चिडचिड असं सांगतात, आणि ते बहुतेक वेळा वयावर किंवा टेन्शनवर ढकललं जातं. पन्नाशीतल्या आईला किंवा काकूंना बीपी आहे, वजन वाढलं आहे आणि सकाळी डोकं जड असतं, एवढं जमत असेल तर गुण कमी भरले तरी डॉक्टरांकडे न्यावं.

तपासणी कोणी करावी, याचं माझं उत्तर असं आहे. नुसतं घोरणं असेल, दिवस ताजातवाना जात असेल आणि बीपी नीट असेल, तर आज पैसे घालू नका. नुसती डोकेदुखी असेल तरीही नको. दिवसा झोप येते आणि त्याच्या जोडीला मोठं घोरणं, श्वास थांबलेला किंवा गुदमरून उठलेलं पाहणं, आणि बीपी, या तिन्हींपैकी दोन गोष्टी आहेत, त्यांनी तपासणी करावीच. गाडी चालवताना डोळा लागला असेल, तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, किंवा मोठं ऑपरेशन ठरलं असेल, त्यांनी तर लांबवूच नये. लहान मुलांचं घोरणं हा वेगळा विषय आहे. तिथे टॉन्सिल आणि अॅडेनॉइड आधी पाहतात, त्यासाठी कोठीचं सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय जवळच आहे.

घरची तपासणी की लॅबमधली

पहिली फी डॉक्टरांची. फुप्फुसाचे, कान-नाक-घशाचे किंवा झोपेचं काम करणारे न्यूरॉलॉजीचे डॉक्टर चालतात. खासगीत सहाशे ते हजार रुपये पडतात. ते घसा, नाक, जबडा पाहतील आणि बहुधा थायरॉइडची टीएसएच तपासणी सांगतील, कारण थायरॉइड मंद असला तरी घोरणं आणि सुस्ती दोन्ही येतात. वजन फार असेल तर रक्तातलं बायकार्बोनेट बघायला सांगा. ते २७ किंवा त्याहून जास्त आलं तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची शंका येते आणि मग घरची स्वस्त तपासणी पुरत नाही. या दोन तपासण्या मिळून साधारण हजार रुपयांच्या आत होतात, आणि पुढची चुकीची तपासणी वाचली तर त्यांचे पैसे वसूल झाले.

स्लीप स्टडीचे दोन प्रकार ग्राहकाला ठाऊक असले की पुरे. घरच्या तपासणीत एक छोटं यंत्र छातीवर बांधतात, नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनची क्लिप. याचे साडेतीन ते आठ हजार घेतात. लॅबमध्ये रात्रभर झोपायचं असतं. तिथे डोक्यावर, डोळ्यांशेजारी, हनुवटीवर आणि पायांवर तारा लावतात आणि तंत्रज्ञ रात्रभर बसून पाहतो. याला आठ ते अठरा हजार लागतात, मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात खोलीच्या दरासह त्याहून जास्तही.

दोघांतला खरा फरक डोक्यावरच्या तारांचा आहे. त्या असल्या तर माणूस खरोखर किती तास झोपला ते कळतं. घरच्या यंत्राला ते कळत नाही. ते चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचा सगळा वेळ झोपच धरतं, आणि पुढचा सगळा हिशेब त्यामुळे बदलतो.

जामबागेत फर्निचरचं दुकान असलेले ५२ वर्षांचे एक गृहस्थ उदाहरणादाखल धरू. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, म्हणजे बीएमआय सुमारे ३१. मान ४२ सेंटिमीटर, बीपीची एक गोळी चालू. घोरतात, दुपारी गल्ल्यावर पेंगतात, सकाळी आठपर्यंत कपाळ जड असतं आणि पत्नीने श्वास थांबलेला पाहिला आहे. पट्टीवर वजनाचा गुण सोडून सातही मिळतात. हृदय-फुप्फुसाचा दुसरा आजार नाही, बायकार्बोनेट २५. यांना घरची तपासणी योग्य आहे.

समजा, त्यांच्या अहवालात लिहिलं आहे : नोंद सात तास, प्रसंग ९१. भागाकार केला की ताशी १३. या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. म्हणजे हे गृहस्थ ‘सौम्य’मध्ये गेले. पण त्या रात्री बोटातल्या क्लिपमुळे ते दोन तास तळमळत जागे होते. खरी झोप पाच तास. आता ९१ भागिले ५, म्हणजे १८ च्या वर. माणूस तोच, प्रसंग तेवढेच, आणि आजार मध्यम. म्हणून घरच्या तपासणीनंतर सकाळी उठल्यावर, रात्री किती वाजता झोप लागली, मध्ये किती वेळ जागे होतो, हे कागदावर लिहून अहवालासोबत डॉक्टरांना द्यावं. आणि लक्षणं ठळक असूनही घरची तपासणी ‘नॉर्मल’ आली तर तिथे थांबू नये, लॅबमधली करावी. ज्यांना हृदयाचं निकामीपण, जुना दम्यासारखा फुप्फुसाचा आजार, पक्षाघात किंवा स्नायूंची कमजोरी आहे, जे अफूवर्गातली वेदनाशामकं घेतात किंवा ज्यांना झोपच लागत नाही, त्यांनी पैसे वाचवायला घरच्या तपासणीकडे जाऊच नये. त्यांचे पैसे दोनदा जातात.

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नाकातली नळी निसटली आणि चार तासांचीही चांगली नोंद झाली नाही, तर दुसरी रात्र फुकट आहे का? अहवाल यंत्राने आपोआप काढलेला आहे की तंत्रज्ञाने नोंद पाहून तपासला आहे? सही कोणत्या डॉक्टरांची आहे? आणि लॅबमध्ये, पहिल्या दोन तासांत आजार तीव्र दिसला तर उरलेल्या रात्री मास्क लावून दाबही ठरवणार का? या शेवटच्या सोयीला स्प्लिट नाइट म्हणतात. एका रात्रीत दोन कामं होतात, म्हणून आठ-दहा हजारांची दुसरी रात्र वाचते. ती आधी ठरवावी लागते.

‘स्लीप स्टडी फुकट’ असं सांगणारे बहुधा यंत्र विकणारे असतात. तपासणी करायला हरकत नाही, पण अहवाल स्वतंत्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यंत्राचे पैसे देऊ नका. हातातल्या घड्याळात दिसणारा रात्रीचा ऑक्सिजन शंका यायला ठीक आहे, निदानाला नाही.

लॅबच्या रात्रीसाठी दोन बारीक गोष्टी कोणी सांगत नाही. त्या दिवशी डोक्याला तेल लावू नये, केस साध्या शाम्पूने धुऊन कोरडे ठेवावेत, नाहीतर तारा चिकटत नाहीत आणि मध्यरात्री तंत्रज्ञ येऊन पुन्हा लावतो. आणि बोटांवर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश नको, ऑक्सिजनची नोंद बिघडू शकते. दुपारची झोप आणि दुपारनंतरचा चहा-कॉफी त्या दिवशी टाळावी, नेहमीच्या गोळ्या मात्र घ्याव्यात.

सरकारी वाट आणि विमा

जामबागेतल्या विवेकवर्धिनी संस्थेच्या परिसरातून उस्मानिया मेडिकल कॉलेजचं मेट्रो स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिथून एकच लाल मार्ग पंजागुट्टा, ईएसआय हॉस्पिटल आणि एर्रागड्डा या तिन्ही ठिकाणी जातो. पंजागुट्ट्याला निम्स आहे, एर्रागड्ड्याला सरकारी छातीचं रुग्णालय आहे. सरकारी संस्थेत दर खासगीपेक्षा बराच कमी असतो, पण तारीख लांबची मिळू शकते. जाण्याआधी फोन करून यंत्र चालू आहे का आणि तारीख कधीची आहे, दोन्ही विचारावं. गाडी चालवताना झोपणाऱ्याने तारखेची वाट पाहू नये. दुकानातल्या कामगाराकडे ईएसआय कार्ड असेल तर खासगीत पैसे भरण्याआधी आपल्या डिस्पेन्सरीतून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी.

आरोग्य विम्यावर फार विसंबू नका. फक्त तपासणीसाठी दाखल होणं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. पॉलिसीच्या कागदात ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’ या नावाचं कलम शोधा, त्याचा क्रमांक एक्सक्लुजन ०४ असतो. ओपीडीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर पैसे मिळू शकतात. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसमधून यंत्राची भरपाई ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळते, पण त्यासाठी पूर्वपरवानगी आणि लॅबमधल्या तपासणीचा अहवाल लागतो. अशा घरांनी घरच्या तपासणीत पैसे घालून नंतर अडकू नये.

यंत्राचा खर्च

१९८१ साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय मांडला. तोच सीपॅप. मध्यम आणि तीव्र आजारात आजही हाच पहिला उपाय. साधं यंत्र पंचवीस ते पंचेचाळीस हजारांना, दाब आपोआप बदलणारं पस्तीस ते ऐंशी हजारांना मिळतं. मास्क वेगळा, तीन ते नऊ हजार. यंत्र लगेच विकत घेऊ नये. महिना तीन ते पाच हजार भाड्याने घेऊन आधी वापरून पाहावं, आणि भाडं किमतीतून वजा करणार का ते ठरवून घ्यावं. लोक यंत्र सोडून देतात ते बहुतेक मास्कमुळे. दोन-तीन मापांचे मास्क दुकानातच आडवं पडून, हवा चालू करून लावून पाहा. बसून नीट बसलेला मास्क कुशीवर वळताच गळतो.

जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर जपून. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली अनेक सीपॅप आणि बायपॅप यंत्रं परत मागवली होती, कारण आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. सेकंड हॅण्ड यंत्राचा मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि मास्क-नळी नेहमी नवी घ्या.

आपल्या गृहस्थांचा हिशेब असा होतो : डॉक्टर दोनदा दीड हजार, रक्ततपासणी आठशे, घरची स्लीप स्टडी पाच हजार, म्हणजे निदानाला सात हजार तीनशे. पुढे एका महिन्याचं भाडं चार हजार आणि मास्क पाच हजार. यंत्र पटलं तर पंचेचाळीस हजार. भाडं वजा झालं नाही असं धरलं तर पहिल्या वर्षी सगळं मिळून एकसष्ट हजारांच्या आसपास. नंतर वर्षाला फिल्टर आणि मास्कची गादी यांचा काही हजारांचा खर्च राहतो. वजन आठ-नऊ किलोंनी उतरलं तर एएचआय सरासरीने चौथा हिस्सा घटतो, पण म्हणून वजन उतरेपर्यंत यंत्र थांबवून ठेवू नये. आजार सौम्य किंवा मध्यम असून मास्क अजिबात सहन होत नसेल तर दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण बनवून घेता येतं. पडजीभ कापायच्या ऑपरेशनचा निर्णय मात्र स्लीप स्टडीशिवाय कोणीही घेऊ नये. त्याने आवाज कमी होऊ शकतो आणि श्वास थांबणं तसंच राहू शकतं.

महिन्याभराने यंत्राची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. नोंदीत तीन आकडे पाहायचे : रोज किमान चार तास, शक्यतो पूर्ण रात्र वापर झाला का, यंत्र लावलेलं असताना एएचआय ५ च्या खाली आला का, आणि मास्कची गळती किती. तिन्ही ठीक असून दुपारची पेंग गेली पण सकाळचं डोकं तसंच राहिलं, तर ती डोकेदुखी या आजाराची नव्हती. मग रात्री दात खाण्याची सवय, पहाटेचं बीपी आणि वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब, या क्रमाने डॉक्टरांना शोध घ्यायला सांगावा.